सहा सादरकर्ते, नव्वद मिनिटं: सूत्रसंचालकाने पाठवायचा ईमेल

प्रश्न: मी नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.ए. भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विभागाच्या एकदिवसीय चर्चासत्रात एका सत्राचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. दीड तास आणि सहा सादरकर्ते: आमचे तीन विद्यार्थी, पीएच.डी. करणाऱ्या दोन ताई आणि मालेगावहून येणारे एक प्राध्यापक. विभागप्रमुखांनी सगळ्यांना "प्रत्येकी १५ मिनिटं" असं आधीच कळवलंय. आता वेळ आणि प्रश्नोत्तरांबद्दलचा ईमेल मी पाठवायचा आहे. मी लिहिलंय, "कृपया वेळेचे बंधन पाळावे, ही नम्र विनंती." एवढं पुरेल का? आणि सरांना "वेळ संपली" असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

उत्तर:

नाही पुरणार. त्या वाक्यात बंधन नेमकं किती मिनिटांचं हे नाही आणि ते ओलांडलं तर काय होईल हेही नाही. वाचणारा मनातल्या मनात "हो हो" म्हणतो आणि आपल्या सवयीची वेळ घेऊन येतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच ईमेलमध्ये आहे. कोणत्या मिनिटाला काय होणार, घंटा कोण वाजवणार आणि त्यानंतर तुम्ही कोणतं वाक्य बोलणार हे सगळ्यांना आठवडाभर आधी लेखी गेलं असेल, तर मंचावर तुम्ही सरांना थांबवत नसता. सगळ्यांसाठी ठरलेली गोष्ट तुम्ही फक्त पार पाडत असता. विद्यार्थी सूत्रसंचालकाकडे स्वतःचा अधिकार फारसा नसतो, तो या कागदातूनच येतो.

पण ईमेल लिहिण्याआधी गणित दुरुस्त करा. सहा गुणिले पंधरा म्हणजे नव्वद, म्हणून विभागप्रमुखांनी तसं कळवलं असणार. त्यात सत्राची सुरुवात नाही, एक माणूस उतरून दुसरा चढेपर्यंतचा वेळ नाही, सत्राध्यक्षांचं बोलणं नाही आणि प्रश्नोत्तरं तर नाहीतच. असं सत्र सुमारे पावणेदोन तास चालतं, शेवटच्या सादरकर्त्याच्या वेळी निम्मं सभागृह जेवणाच्या रांगेत असतं आणि "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत" या वाक्याने ते संपतं.

नव्वद मिनिटं मी अशी वाटेन. सत्राची ओळख ३ मिनिटं. प्रत्येक सादरकर्त्याला ११ मिनिटं: ८ मिनिटं बोलणं, २ मिनिटं खुलाशाचे प्रश्न, १ मिनिट अदलाबदल. सहा जणांचे झाले ६६. मग सगळ्यांना समोर बसवून १५ मिनिटांची एकत्रित प्रश्नफेरी आणि शेवटी सत्राध्यक्षांना ६ मिनिटं. बेरीज बरोबर नव्वद.

आठ मिनिटं ऐकून पोटात गोळा येईल. कळवलं होतं पंधरा! पण सावकाश, स्लाइडकडे बोट दाखवत मराठीत बोललं तर आठ मिनिटांत साधारण नऊशे शब्द होतात, म्हणजे टाइप केलेली अडीचेक पानं. एक प्रश्न, एक पद्धत आणि दोन निष्कर्ष त्यात बसतात. बसत नाही ती प्रस्तावना, "भूगोल म्हणजे काय" इथपासून सुरू होणारी. ती नाही बसली तरी कुणाचं अडत नाही.

आता प्रश्नांच्या दोन फेऱ्या कशासाठी? सादरीकरण संपल्यावर येणारे प्रश्न दोन जातींचे असतात आणि ते मिसळले की वेळ हातातून जातो. समजा कांदा चाळीतल्या नुकसानीवर कुणी बोललं. "तुम्ही पाहिलेल्या चाळी निफाडच्या होत्या की येवल्याच्या?" किंवा "घट फक्त वजनातली धरली की सडलेला आणि कोंब आलेला मालही त्यात धरला?" हे खुलाशाचे प्रश्न. एका-दोन वाक्यांत उत्तर मिळतं आणि ते तेव्हाच मिळायला हवं, कारण त्यावाचून ऐकणाऱ्याला आकडे कळत नाहीत. "साठवण वाढली तर लासलगावच्या भावावर काय परिणाम होईल?" हा चर्चेचा प्रश्न. चांगला आहे, पण दोन मिनिटांत मावत नाही, आणि दुसऱ्या एखाद्या सादरकर्त्यालाही त्यावर काही म्हणायचं असू शकतं. तो एकत्रित फेरीत जातो. ही विभागणी ईमेलमध्ये उदाहरणासकट दिली, तर सादरकर्ता त्या दोन मिनिटांत लांबलचक उत्तर सुरू करत नाही. "हे शेवटी सांगतो" म्हणायला तो मोकळा असतो.

एकत्रित फेरीचंही गणित आधी करून ठेवा. प्रश्नाला अर्धा मिनिट आणि उत्तराला दीड मिनिट धरलं, तर एका प्रश्नाला दोन मिनिटं लागतात. पंधरा मिनिटांत सातच प्रश्न होतात, आठवा नाही. सादरकर्ते सहा. म्हणून नियम असा ठेवा की आधी प्रत्येकाला एकेक प्रश्न आणि मग वेळ उरला तर कुणालाही. असा नियम नसेल तर सगळे प्रश्न पाहुण्या सरांकडे किंवा सगळ्यात वादग्रस्त विषयाकडे जातात, आणि तुमच्या वर्गातली जी मुलगी पहिल्यांदाच मंचावर आली आहे ती पंधरा मिनिटं नुसती बसून राहते. तिच्यासाठी गोषवाऱ्यावरून तयार केलेला एक प्रश्न तुमच्या खिशात हवा. खरं तर सहाही जणांसाठी हवा.

एका नियमापाशी बहुतेक जण घसरतात, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. "जो जास्त वेळ घेईल त्याचा प्रश्नांचा वेळ कमी केला जाईल" असं लिहायचा मोह होतो, कारण ते न्याय्य वाटतं. परिणाम उलटा होतो. ज्याला प्रश्नांची भीती आहे, ज्याची आकडेवारी कच्ची आहे, तो खुशीने दहा मिनिटं बोलतो आणि प्रश्नांतून सुटतो. ही शिक्षा त्याला बक्षीसच वाटते. म्हणून प्रश्नांची दोन मिनिटं सादरकर्त्याची नाहीत, श्रोत्यांची आहेत, असं स्पष्ट लिहा. बोलणं आठव्या मिनिटाला संपतं, तोंडातलं वाक्य पुरं करायला अर्धा मिनिट मिळतो आणि साडेआठला तुम्ही उभे राहता. त्यानंतर पुढच्या वक्त्याला उशीर होऊ नये म्हणून अदलाबदलीच्या मिनिटातला अर्धा खर्ची पडतो, प्रश्नांना हात लागत नाही.

खुणांचंही सांगतो. वक्तृत्व स्पर्धांमुळे पहिली घंटा, दुसरी घंटा सगळ्यांच्या कानात बसलेली असते. पण ज्येष्ठ माणूस बोलत असताना मधेच घंटा वाजली की ते दचकतात, सभागृहात कुणीतरी हसतं आणि सुटलेला धागा पकडण्यात वीस सेकंद जातात. इशारा पाटीने द्यावा आणि घंटा शेवटी एकदाच वाजवावी, असं माझं मत आहे. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "२ मिनिटं" आणि "१ मिनिट" लिहा. पाट्या दाखवणारा मित्र पहिल्या रांगेत, पोडियमवरून सरळ दिसेल असा बसवा. ते काम तुम्ही करू नका. तुम्ही मंचाच्या कडेला असता, बोलणाऱ्याला दिसत नाही, आणि त्या वेळी तुम्हाला पुढच्याची फाइल उघडून ठेवायची असते.

घड्याळ कधी सुरू होतं हेही लिहा. पहिल्या शब्दापासून. "व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य, विभागप्रमुख, उपस्थित सर्व गुरुजन वर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो" यात किती वेळ जातो ते एकदा मोजून बघा. सहा जणांनी तेच म्हटलं तर एकत्रित फेरीतला एखादा प्रश्न तिथेच गेला. त्यावर उपाय असा की सर्वांच्या वतीने स्वागत आणि आभार तुम्ही सुरुवातीला एकदा म्हणाल, असं ईमेलमध्ये कळवायचं. सौजन्यात कमी पडल्याची रुखरुख मग कुणाला राहत नाही.

हे सगळं जमवून मी ईमेल असा लिहीन. वेळा सव्वाअकराला सुरू होणाऱ्या सत्राच्या आहेत, तुमच्या कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे बदला.

> विषय: सत्र २ (सकाळी ११:१५): आपली ८ मिनिटं, प्रश्नांच्या दोन फेऱ्या आणि फाइल पाठवण्याची वेळ
>
> नमस्कार,
>
> भूगोल विभागाच्या चर्चासत्रातील सत्र २ चं सूत्रसंचालन मी करणार आहे. आधीच्या पत्रात प्रत्येकी १५ मिनिटं कळवली होती. त्यात बदल आहे: बोलण्यासाठी ८ मिनिटं आहेत. १५ मिनिटांप्रमाणे प्रश्नोत्तरांना जागाच उरत नव्हती, म्हणून समन्वयक सरांच्या संमतीने हा बदल केला आहे. तो सहाही सादरीकरणांना सारखाच लागू आहे.
>
> आपली वेळ
> ११:१५ सत्राची ओळख
> ११:१८ सादरीकरण १: शहरातील तापमान
> ११:२९ सादरीकरण २: कांदा चाळीतील नुकसान
> ११:४० सादरीकरण ३: मालेगावचे यंत्रमाग आणि स्थलांतर
> ११:५१ सादरीकरण ४: द्राक्षबागांचं पाणी
> १२:०२ सादरीकरण ५: गोदावरीची पूररेषा
> १२:१३ सादरीकरण ६: नांदूर मध्यमेश्वरचा गाळ
> १२:२४ एकत्रित प्रश्नफेरी
> १२:३९ सत्राध्यक्षांचं मनोगत
> १२:४५ समारोप
>
> ८ मिनिटं कशी मोजली जातील
> आपल्या पहिल्या शब्दापासून. मान्यवरांचं स्वागत आणि आभार मी सर्वांच्या वतीने सुरुवातीला म्हणेन, आपण थेट विषयाने सुरुवात करावी. सहाव्या मिनिटाला पहिल्या रांगेतून "२ मिनिटं" आणि सातव्याला "१ मिनिट" अशी पाटी दिसेल. आठव्या मिनिटाला एकदा घंटा वाजेल. तेव्हा सुरू असलेलं वाक्य पूर्ण करावं. साडेआठ मिनिटांना मी उभी राहून "धन्यवाद, राहिलेला भाग आपण एकत्रित फेरीत ऐकू" असं म्हणेन आणि प्रश्न सुरू होतील. हे वाक्य कुणाच्याही बाबतीत बदलणार नाही.
>
> पहिली फेरी: खुलाशाचे प्रश्न, २ मिनिटं
> आपलं बोलणं संपताच. दोन प्रश्न, फक्त समजून घेण्यासाठीचे: ठिकाण, वर्ष, नमुना, मोजण्याची पद्धत. उत्तर दोन-तीन वाक्यांत द्यावं. प्रश्न मोठा असेल तर "हे शेवटी सांगतो" किंवा "सांगते" म्हणावं, मी तो नोंदवून ठेवेन. ही २ मिनिटं श्रोत्यांची आहेत, बोलणं लांबलं तरी ती कमी होणार नाहीत.
>
> दुसरी फेरी: एकत्रित, १५ मिनिटं
> सहाही जण समोरच्या खुर्च्यांवर बसतील. प्रश्न श्रोत्यांकडून चिठ्ठीवर येतील आणि मी ते वाचेन. आधी प्रत्येकाला एक प्रश्न, वेळ उरल्यास आणखी. उत्तराला दीड मिनिट. एकच प्रश्न दोघांना लागू होत असेल तर मी दोघांनाही विचारेन. ज्या भाषेत सोपं जाईल त्या भाषेत उत्तर द्यावं. माहिती हाताशी नसेल तर तसं सांगावं, ते चालेल.
>
> आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात
> १. सादरीकरणाची पीडीएफ चर्चासत्राच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत याच ईमेलला उत्तर म्हणून. फाइलचं नाव सत्र, क्रमांक आणि विषय असं: `S2_02_Kanda.pdf`. सगळ्या फाइल एकाच लॅपटॉपवर असतील, त्या वेळी पेन ड्राइव्ह लावता येणार नाही.
> २. हा ईमेल मिळाल्याचं एका ओळीचं उत्तर.
>
> सत्रापूर्वी ११:०५ वाजता सभागृहात यावं. माइक आणि स्लाइड बदलायचं बटण तेव्हा दाखवेन.
>
> आपली,
> (नाव), एम.ए. भूगोल, द्वितीय वर्ष
> सूत्रसंचालक, सत्र २
> (भ्रमणध्वनी)

लांब वाटेल, पण यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी फोनचं उत्तर आहे. ती काढलीत की तो फोन येतो.

आता काही निर्णयांची कारणं.

बदल पहिल्याच परिच्छेदात आणि स्पष्ट शब्दांत आहे. "आधीच्या १५ मिनिटांत प्रश्न धरले होते" अशी सारवासारव करू नका. ज्यांनी पंधरा मिनिटांचं भाषण तयार केलंय त्यांना ते लगेच कळतं आणि पुढच्या नियमांवरचा विश्वास जातो. बदल झाला, कारण हे, सगळ्यांना लागू: एवढंच. मात्र मालेगावच्या सरांना ही बातमी ईमेलमधून पहिल्यांदा कळू देऊ नका. ईमेल जाण्याआधी समन्वयक सरांनी त्यांना फोन करावा. तुम्ही नव्हे, सरांनीच. दोन प्राध्यापकांमध्ये जे एका मिनिटात मिटतं ते तुमच्याकडून गेलं तर उगाच मानापमानाचं होतं.

ईमेल एकच आणि सगळ्यांना सारखाच. ताईंना वेगळा, सरांना वेगळा, वर्गमित्रांना व्हॉट्सअॅपवर "ए, आठ मिनिटांत आटप" असं केलंत तर दुसऱ्यांना काय सांगितलंय हे कुणालाच कळत नाही, आणि "मलाच का थांबवलं?" हा प्रश्न तिथूनच निघतो. सगळे पत्ते मात्र बीसीसीमध्ये टाका. ज्यांनी एकमेकांना आपला ईमेल दिलेला नाही त्यांचे पत्ते आपण वाटायचे नाहीत. समन्वयक सरांचा पत्ता सीसीमध्ये उघड ठेवा, तो दिसणं महत्त्वाचं आहे. मसुदा आधी त्यांना दाखवा आणि "ठीक आहे" असं लेखी मिळवा, कारण "सरांच्या संमतीने" हे शब्द तुम्ही वापरणार आहात. भाषा सगळ्यांना "आपण"ची ठेवली की नात्यांचा गोंधळ आपोआप टळतो.

साडेआठला बोलायचं वाक्य ईमेलमध्ये शब्दशः दिलंय. ते घरी मोठ्याने म्हणून बघा, आवाज चढवायची गरज पडू नये. सर बोलतच राहिले तर उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, या वेळी "सर" जोडून: "धन्यवाद सर, राहिलेला भाग आपण एकत्रित फेरीत ऐकू." मग लगेच श्रोत्यांकडे वळून "पहिला प्रश्न?" म्हणायचं. नुसतं उभं राहून संकोचाने हसत थांबलात तर बोलणाऱ्याला ती परवानगीच वाटते.

क्रमही मुद्दाम तसा लावलाय. पहिल्या क्रमांकावर तुमच्यातला सगळ्यात तयारीचा विद्यार्थी ठेवा, घड्याळ लावून सराव केलेला. त्याच्यासाठी आठव्या मिनिटाला घंटा वाजते, तो थांबतो, प्रश्न सुरू होतात आणि सगळ्या सभागृहाला पद्धत कळते. पाहुणे सर तिसरे. त्यांना पहिलं ठेवलं आणि ते बारा मिनिटं बोलले, तर उरलेल्या पाचांसाठी नियम उरत नाही. शेवटी ठेवलं तर आधीच्यांचा उशीर त्यांच्या माथी येतो आणि पाहुण्याला घाई करायला लावणं वाईट दिसतं. चार, पाच, सहा हे तिन्ही विषय पाण्याचे आहेत, म्हणून सलग. एकत्रित फेरीत त्याचा उपयोग होतो. "गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरातली पूररेषा आणि खाली नांदूर मध्यमेश्वरचा गाळ, दोन्हींवर काय फरक पडतो?" असा एक प्रश्न पाचव्या आणि सहाव्या सादरकर्त्याला मिळून विचारता येतो. दोन प्रश्नांचा वेळ एका चांगल्या प्रश्नात जातो आणि दोघंही एकमेकांशी बोलायला लागतात.

पीडीएफचा आग्रह निव्वळ शिस्तीसाठी नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली मराठी स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली, तर तिथे तो फाँट नसतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं-चिन्हांची खिचडी दिसते. पीडीएफ करताना फाँट सहसा फाइलमध्येच जातो, म्हणून अक्षरं टिकतात. तरी सहाही फाइल आदल्या रात्री त्याच लॅपटॉपवर शेवटच्या पानापर्यंत उघडून बघा. स्लाइडची पीडीएफ केली की ॲनिमेशन आणि व्हिडिओ सहसा चालत नाहीत. कुणाला व्हिडिओ दाखवायचाच असेल तर तो वेगळा मागवा आणि त्याचा वेळ आठ मिनिटांतच धरला जाईल हे सांगा. अदलाबदलीचं एक मिनिट एवढ्या तयारीवरच टिकतं. सभागृहात पेन ड्राइव्ह लावला, व्हायरस तपासला, फाइल शोधली की तीन मिनिटं गेलीच.

ईमेलमधून एक गोष्ट मी मुद्दाम वगळली आहे: सत्राध्यक्षांसाठीचा नियम. माझ्या पाहण्यात सत्राचा सगळ्यात जास्त वेळ सादरकर्त्यांकडे जात नाही, अध्यक्षांकडे जातो. प्रत्येक सादरीकरणानंतर ते "छान मांडणी केली, पण मला एक सांगावंसं वाटतं..." म्हणून तीन-चार मिनिटं बोलतात, आणि सहा वेळा तसं झालं की एकत्रित फेरी संपली. पण त्यांना सादरकर्त्यांच्या ईमेलमध्ये नियम लावणं बरं दिसत नाही. आदल्या दिवशी समक्ष भेटा, छापलेलं वेळापत्रक हातात द्या आणि म्हणा, "सर, शेवटची सहा मिनिटं आपल्यासाठी राखून ठेवलीत. प्रत्येक सादरीकरणावर आपण टिपणं काढून ठेवली तर शेवटी सगळ्यांना एकत्र ऐकता येतील." सोबत टिपणांसाठी सहा रकाने आखलेला कागद द्या. कागद समोर असला की माणूस बोलण्याआधी लिहितो.

श्रोत्यांनाही तुमचा ईमेल गेलेला नसतो. त्यांचे नियम सत्राच्या ओळखीच्या तीन मिनिटांत सांगा: पहिल्या फेरीत फक्त खुलासा, एका माणसाला एक प्रश्न, चर्चेचा प्रश्न चिठ्ठीवर, वर सादरीकरणाचा क्रमांक. चिठ्ठ्या खुर्च्यांवर आधीच ठेवा आणि पाचव्या सादरीकरणाच्या वेळी दोघांना गोळा करायला लावा, म्हणजे सहावं सुरू असताना तुम्हाला त्या लावून घेता येतील. सहाव्याच्या चिठ्ठ्या शेवटी येतील, त्या वेगळ्या घ्या. चिठ्ठीचा खरा फायदा असा की जो हात वर करत नाही त्याचाही प्रश्न येतो, आणि जे गुरुजी प्रश्नाच्या नावाखाली पाच मिनिटं स्वतःचं संशोधन सांगतात त्यांना चार ओळींत बसावं लागतं.

आता दिवस प्रत्यक्ष हुकायला लागला तर. तुमची खूण आहे ११:५१. तेव्हा चौथं सादरीकरण सुरू व्हायला हवं. दोन मिनिटं इकडेतिकडे असेल तर काही करू नका. ११:५४ झाले असतील तर एकत्रित फेरी पंधराऐवजी बारा मिनिटांची करा: प्रत्येकाला एकच प्रश्न, सातवा नाही. ११:५६ किंवा त्याहून उशीर असेल तर बाराच्या खाली फेरी नेऊ नका, अध्यक्षांना चिठ्ठी द्या: "सर, आपल्याकडे ४ मिनिटं आहेत, चालेल का?" आठाची सात मिनिटं मात्र कुणाचीही करू नका. जे नंतर बोलणार आहेत त्यांनी तुमच्या ईमेलवर विसंबून आठची तयारी केलेली असते, आधीच्यांच्या चुकीचं माप त्यांच्या पदरात टाकायचं नाही.

कुणी आलंच नाही तर? समांतर सत्रं चालू असतील तर त्याची जागा रिकामी ठेवावी लागते, कारण श्रोते वेळ बघून खोल्या बदलतात. तुमच्याकडे एकच सभागृह आहे, त्यामुळे पुढच्यांना सरकवा आणि वाचलेली अकरा मिनिटं एकत्रित फेरीत टाका. कुणाच्या बोलण्यात टाकू नका. एकाला दहा मिनिटं दिलीत की आठचा नियम तुम्हीच मोडलात.

ईमेल सहा-सात दिवस आधी जावा. त्याहून आधी गेला तर विसरला जातो, आणि तीन दिवस आधी गेला तर पंधरा मिनिटांचं आठवर आणायला वेळ पुरत नाही. तीन दिवसांत ज्यांची "मिळाला" अशी ओळ आली नाही त्यांना फोन करा. बहुतेक वेळा ईमेल स्पॅममध्ये पडलेला असतो. आदल्या दिवशी दुपारी व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाला त्याच्यापुरता छोटा संदेश पाठवा: "उद्या तुमचं सादरीकरण १२:०२ ला, ८ मिनिटं. ११:०५ ला सभागृहात. पीडीएफ आज ६ पर्यंत." नियम त्यात पुन्हा लिहू नका. ज्यांची फाइल आली आहे त्यांच्या संदेशातलं शेवटचं वाक्य बदलून "पीडीएफ मिळाली, उघडून बघितली" असं करा.